टॉर्च रिपोर्टमध्ये सीएमव्ही पॉझिटिव्ह आलंय, पुढं काय करायचं? (कोल्हापूर)

राजारामपुरीकर
नमस्कार मंडळी. बायकोला नववा आठवडा सुरू आहे. दुसरी खेप, थोरला अडीच वर्षांचा. पहिल्या रक्ततपासणीबरोबर लॅबनं टॉर्च पॅनेलही केलं, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या रुबेला, टॉक्सो, सीएमव्ही असल्या संसर्गांची तपासणी. रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. टॉक्सो दोन्ही निगेटिव्ह. सीएमव्ही आयजीजी मात्र रेंजच्या कितीतरी वर, आणि आयजीएम १.१, खाली लिहिलंय की १.० च्या वर पॉझिटिव्ह धरावं. तिला काहीही त्रास नाही, ताप नाही, पुरळ नाही. डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी आहेत. आमच्या आत्याबाईंनी रिपोर्ट न बघताच "असलं मूल ठेवू नका" म्हणून जाहीर केलंय आणि बायको दोन दिवस जेवलेली नाही. बाळाला खरंच धोका आहे का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

विद्या_इचलकरंजी
घाबरू नका दादा, यावर औषध असतं. माझ्या जावेला दोनदा गर्भ राहून गेला, तेव्हा टॉर्च पॉझिटिव्ह आलं होतं. आयजीजी खाली येईपर्यंत तिला गोळ्यांचा कोर्स दिला आणि तिसऱ्या वेळी सगळं नीट झालं. आधी आयजीजी कमी करून घ्या.

शाहूपुरीचा_शंभू
आत्याबाईंचं क्लिनिक कुठं आहे? अपॉइंटमेंट मिळंल का?

मांजरवेडी
घरात मांजर आहे का? टॉर्च म्हटलं की पहिल्यांदा मांजरच. माझ्या डोहाळजेवणाआधी सासूबाईंनी आमची चिंगी थेट कळंब्याला पोचवली होती. नुसत्या संशयावरून.

राजारामपुरीकर
मांजर नाही. आणि मांजराचा तो टॉक्सो निगेटिव्हच आहे. प्रश्न सीएमव्हीचा आहे.

काचपट्टी
मी मायक्रोबायॉलॉजीत काम करते, असले रिपोर्ट रोज हातातून जातात. शांतपणे वाचा आणि बायकोलाही वाचून दाखवा.

आधी आयजीजी. आयजीजी म्हणजे शरीरानं जपून ठेवलेली जुन्या भेटीची खूण. सीएमव्ही आपल्याकडं बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, साध्या सर्दीतापासारखा, कळतही नाही. कोल्हापुरातल्या गरोदर बायकांची तपासणी केली तर दहातल्या नऊजणी तरी आयजीजी पॉझिटिव्ह निघतील. आकडा मोठा आला म्हणजे आजार मोठा असं काही नसतं. विद्याताई, तुमच्या जावेचं सगळं नीट झालं याचा आनंदच आहे, पण आयजीजी गोळ्यांनी खाली आणायचा नसतो, आणता येतही नाही आणि आणायची गरजही नाही. वारंवार गर्भपात झाले की टॉर्च करायचा, आयजीजी दिसला की औषध द्यायचं, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. तिसऱ्या वेळी गोळ्या न घेताही गर्भ टिकला असता, याचीच शक्यता जास्त.

आता आयजीएम. हा नव्या संसर्गात वाढतो हे खरं, पण सीएमव्हीच्या बाबतीत फार बेभरवशाचा. एकदा वाढला की काहींच्या रक्तात वर्षभरही रेंगाळतो. दुसऱ्याच एखाद्या विषाणूमुळं खोटा पॉझिटिव्ह येतो. त्यात तुमचा १.१ म्हणजे उंबरठ्यावरचा. एवढ्यावर कुणीही, म्हणजे कुणीही, गर्भ पाडायचा विचार करू नये.

खरा प्रश्न एकच आहे, संसर्ग गर्भ राहण्याआधीचा की नंतरचा. त्यासाठी आयजीजी ॲव्हिडिटी करतात. नव्या संसर्गातली प्रतिद्रव्यं विषाणूला सैल धरतात आणि तीन-चार महिन्यांत त्यांची पकड घट्ट होते. आज, नवव्या आठवड्यात, पकड घट्ट निघाली तर संसर्ग किमान तीन महिन्यांपूर्वीचा, म्हणजे गर्भ राहण्याच्याही आधीचा. हीच तपासणी विसाव्या आठवड्यात केली आणि ॲव्हिडिटी जास्त आली, तर त्यातून काही कळत नाही, कारण तोवर सुरुवातीच्या आठवड्यांतला संसर्गही घट्ट झालेला असतो. म्हणून लवकर करा. कोल्हापुरातल्या लॅब नमुना घेऊन पुण्या-मुंबईला पाठवतात. आणखी एक. पहिल्या बाळंतपणाचा एखादा जुना रिपोर्ट घरात आहे का बघा. तेव्हाच आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर अर्धं उत्तर हातात आलं.

राजारामपुरीकर
काचपट्टीताई, खूप खूप आभार. जुनी फाईल शोधतो. पण समजा ॲव्हिडिटी कमी आली तर?

काचपट्टी
तर गरोदरपणात किंवा त्याच्या जरा आधी पहिल्यांदाच संसर्ग झाला असं धरायचं. तेव्हाही बाळापर्यंत तो पोचतोच असं नाही. पहिल्या तिमाहीत साधारण तिघींतल्या एकीच्या बाळापर्यंत पोचतो, आणि पोचला तरी सगळ्याच बाळांना इजा होत नाही. शेवटच्या महिन्यांत तो जास्त वेळा पोचतो, पण तेव्हा नुकसान क्वचित. घात होतो तो सुरुवातीला, मेंदू आणि आतला कान घडत असताना.

मग अठरा-वीस आठवड्यांची सोनोग्राफी बारकाईनं करतात. मेंदूतल्या पोकळ्या रुंदावल्यात का, कॅल्शियमचे ठिपके आहेत का, आतडं जास्त पांढरं दिसतं का, वाढ मागं पडली आहे का. नक्की कळायला हवं असेल तर गर्भजल काढून त्याचं पीसीआर. बाळाच्या मूत्रपिंडात विषाणू वाढतो आणि लघवीतून गर्भजलात उतरतो. त्याला वेळ लागतो, त्यामुळं ही तपासणी घाईनं करून चालत नाही. संसर्गानंतर सहा-आठ आठवडे तरी जाऊ द्यायचे आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास करायची. आधी केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. पहिल्या तिमाहीत नवा संसर्ग नक्की झाला असेल तर व्हॅलासायक्लोविर मोठ्या डोसमध्ये, दिवसाला ८ ग्रॅम, देण्यावर इस्राएलमध्ये अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. त्यात औषध घेतलेल्यांच्या ११ टक्के बाळांना संसर्ग झाला, न घेतलेल्यांच्या ३० टक्के. पण रुग्णसंख्या लहान होती आणि डोसही काही थोडाथोडका नाही. तो निर्णय तज्ज्ञानंच घ्यायचा.

शाहूपुरीचा_शंभू
ताई, एक शंका. आम्ही कोल्हापूरकर आजारी पडलो की सीपीआरला जातो. हे पीसीआर कुठल्या पेठेत आलं?

काचपट्टी
सीपीआर दसरा चौकाजवळ, पीसीआर मशिनीत. आता गप बसा जरा.

काका_कागलकर
मी सत्तरीचा माणूस, मला हे आयजीजी वगैरे कळत नाही. पण आमच्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगतो. आई तिसऱ्या महिन्यात असताना अंगावर बारीक लालसर पुरळ आलं, दोन-तीन दिवसांत गेलं. मानेमागं गाठी आल्या होत्या. गावात सगळे गोवर म्हणाले, कडुनिंबाच्या पाल्यानं आंघोळ घातली, विषय संपला. बहीण जन्मली ती दोन्ही डोळ्यांत पांढरं घेऊन. मिरजेला डोळ्यांची ऑपरेशनं झाली. नंतर हृदयातही दोष निघाला, आणि ऐकूही येत नव्हतं. आईनं आयुष्यभर ग्रहणात भाजी चिरली म्हणून स्वतःला दोष दिला. हा तोच सीएमव्ही का?

काचपट्टी
काका, तुम्ही सांगताय तो रुबेला. मानेमागच्या गाठी आणि तीन दिवसांचं पुरळ ही त्याचीच ओळख. मोतीबिंदू, हृदय आणि कान हे तिन्ही एकत्र दिसले की डॉक्टर पहिल्यांदा रुबेलाच मनात आणतात. १९४१ मध्ये सिडनीतले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडं मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकामागून एक येऊ लागली. त्यांनी आयांना खोदून विचारलं, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनाच गरोदरपणाच्या सुरुवातीला हा 'जर्मन गोवर' येऊन गेलेला निघाला. तोवर आईच्या एवढ्या किरकोळ आजारानं पोटातल्या बाळाला असं काही होऊ शकतं, यावर डॉक्टरांचाही विश्वास नव्हता. तुमच्या आईंना कोण सांगणार? ग्रहणाचा यात काहीही संबंध नाही.

पहिल्या बारा आठवड्यांत रुबेला झाला तर दहातल्या आठ-नऊ बाळांना इजा होते. वीस आठवड्यांनंतर जवळजवळ नाही. मात्र रुबेला एकदा येऊन गेला किंवा लस घेतलेली असली की बाळ जवळपास सुरक्षित. राजारामपुरीकर, तुमच्या रिपोर्टमधला रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह ही आनंदाची बातमी आहे, भीतीची नाही.

मांजरवेडी
मग माझ्या बहिणीचं उलट आहे. तिचा रुबेला आयजीजी निगेटिव्ह आला, चौथा महिना चालू आहे. घरात सगळे म्हणाले निगेटिव्ह म्हणजे चांगलं, पेढे वाटा.

काचपट्टी
पेढे थांबवा. निगेटिव्ह म्हणजे तिला संरक्षण नाही. लस जिवंत विषाणूची असते, त्यामुळं आता घेता येणार नाही. अंगावर पुरळ असलेल्या मुलांपासून लांब राहायचं आणि बाळंतपण झालं की घरी जायच्या आधी लस घेऊन टाकायची. अंगावर पाजत असली तरी चालते. त्यानंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत. आणि कुणी दिवस राहिल्याचं माहीत नसताना चुकून घेतली असेल, तर तेवढ्यासाठी गर्भ पाडायचा नसतो. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, ती पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. आत्ता पंचविशी-तिशीत असलेल्या मुली तीत बसत नव्हत्या. लग्नाआधी बघायचं असेल तर हे बघा, पत्रिकेचं नंतर.

विद्या_इचलकरंजी
म्हणजे सीएमव्हीचंही तसंच ना? आईला आधी होऊन गेलाय म्हटल्यावर बाळ सुरक्षित. ॲव्हिडिटी जास्त आली की विषय संपला.

काचपट्टी
तिथंच फरक आहे विद्याताई. रुबेला येतो आणि जातो. सीएमव्ही कांजिण्यांच्या विषाणूच्या कुळातला, अंगात कायमचा मुक्काम ठोकतो. लहानपणीच्या कांजिण्या म्हातारपणी नागीण म्हणून उठतात ना, तसा हाही अधूनमधून जागा होतो, किंवा बाहेरून दुसऱ्या वाणाचा सीएमव्ही येऊन नव्यानं लागतो. अशा आईकडून बाळाला जायची शक्यता शंभरात एखादी. धोका बराच कमी, पण शून्य नाही. आणि आपल्याकडं जवळपास सगळ्याच आया आयजीजी पॉझिटिव्ह असल्यामुळं, भारतात सीएमव्ही घेऊन जन्मणारी बहुतेक बाळं याच 'सुरक्षित' आयांची असतात.

शाहूपुरीचा_शंभू
मग ती ॲव्हिडिटी करून उपयोग काय? उगं पैसे घालवायचे!

काचपट्टी
आज आत्याबाईंना गप्प करायला. मस्करी नाही, नवा संसर्ग आहे की जुना यावर पुढची सोनोग्राफी, गर्भजल, औषध हे सगळं ठरतं. पण बाळाच्या कानाचं काय, याचं उत्तर आईच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं.

उज्ज्वला_ताराबाई_पार्क
शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं. माझ्या मुलाच्या वेळी माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल, वजन चांगलं, जन्मल्यावर कानाची ओएई तपासणी झाली तीही पास. दीड वर्षाचा झाला तरी 'आई' म्हणेना. घरचे म्हणायचे, मुलगे उशिरा बोलतात, याचे आजोबाही चौथ्या वर्षी बोलले. दार वाजलं तरी वळत नाही हे माझ्या लक्षात यायचं, पण मिक्सर लावला की रडायचा, म्हणून ऐकू येतं असं वाटायचं. बेरा, म्हणजे कानाच्या नसेची तपासणी, केली तेव्हा दोन्ही कानांना बहिरेपणा, एकाला जवळजवळ पूर्ण. मग मेंदूचा एमआरआय झाला. तो बघून डॉक्टर म्हणाले, जन्माच्या आधीचा सीएमव्ही असावा असं दिसतंय, पण आता सिद्ध करता येणार नाही.

का, तर दीड वर्षाच्या मुलाच्या लघवीत सीएमव्ही सापडला तरी तो पोटातला की नंतर लागलेला हे कळत नाही. आईच्या दुधातूनही तो जातो. पोटातलाच होता असं म्हणायचं असेल तर जन्मापासून २१ दिवसांच्या आत लघवी किंवा लाळ तपासलेली पाहिजे. हे तीन आठवडे होते तेव्हा आम्ही पाचवीची पूजा आणि बारशाच्या गडबडीत होतो.

आता तो सहा वर्षांचा आहे. कॉक्लिअर इम्प्लांट झालंय, साध्या शाळेत जातो आणि शिव्या सगळ्या शुद्ध कोल्हापुरी देतो. इम्प्लांटसाठी केंद्राची एडिप योजना आहे, पण पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी, त्यामुळं वय हातातून जाऊ देऊ नका.

राजारामपुरीकर, ॲव्हिडिटी काहीही येऊ दे. बाळ जन्मलं की पहिल्या आठवड्यातच पीसीआर करून घ्या.

बालरोग_पन्हाळा
उज्ज्वलाताईंचा अनुभव खरा आहे आणि २१ दिवसांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. लाळ घेतली तर दूध पाजल्यावर किमान तासभर थांबून घ्यावी, नाहीतर तोंडातल्या दुधातला विषाणू सापडतो. पॉझिटिव्ह आलीच तर लघवीनं खात्री करायची.

फक्त प्रत्येक बाळाची करा, याला माझी सहमती नाही. संसर्ग घेऊन जन्मलेल्या दहातल्या नऊ बाळांना जन्मतः काहीच दिसत नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढंही काही होत नाही. शंभरातल्या दहा-पंधराजणांचं ऐकणं नंतर कमी होतं. बाकीच्यांच्या आईबापांच्या डोक्याला उगीच वर्षानुवर्षं घोर. मी ज्यांची कानाची तपासणी नापास होते, डोकं वयाच्या मानानं लहान आहे, प्लेटलेट कमी आहेत, अंगावर निळसर ठिपके आहेत, कावीळ लांबतेय, त्यांची करतो.

उज्ज्वला_ताराबाई_पार्क
डॉक्टर, तुमच्या यादीत माझा मुलगा बसत नाही. तो पास झाला होता.

बालरोग_पन्हाळा
मान्य. ही फट आहे आणि ती कशी बुजवायची यावर आम्हा लोकांतही एकमत नाही. जन्मतः खूण दिसली, विशेषतः मेंदूची, तर उपचार आहे. व्हॅलगॅन्सिक्लोविरचं पातळ औषध, वजनाच्या किलोमागं १६ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सहा महिने, आणि जन्मापासून महिन्याच्या आत सुरू केलेलं बरं. त्यानं पांढऱ्या पेशी घसरतात, म्हणून पहिला दीड महिना दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. काही दिसत नसलेल्या बाळाला हे द्यावं का, याला ठाम पुरावा नाही. तुमच्या मुलाचा पीसीआर तेव्हा पॉझिटिव्ह आला असता तर मी कदाचित औषध दिलं नसतं. पण दर काही महिन्यांनी बेरा करायला बोलावलं असतं, आणि दीड वर्ष गेलं नसतं.

उज्ज्वला_ताराबाई_पार्क
मला तेवढंच हवं होतं.

नवी_आई_गारगोटी
मध्येच विचारते, माफ करा. माझं बाळ सव्वादोन महिन्यांचं आहे. ओएई दोनदा नापास. डॉक्टरांनी बेरा सांगितलीय. २१ दिवस तर गेले. आता काही उपयोग नाही का?

बालरोग_पन्हाळा
बेरा आधी करा, याच आठवड्यात. कानात मळ किंवा पाणी असलं तरी ओएई नापास होते, त्यामुळं आत्ताच घाबरू नका. जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन कागदावर वाळवलं होतं का? नवजात तपासणी केली असेल तर तो कागद कधीकधी लॅबकडं शिल्लक असतो, त्यावरून सीएमव्ही शोधता येतो. न सापडला तरी खात्री होत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि ऐकणं कमी असेल तर कारण कळो न कळो, सहा महिन्यांच्या आत मशीन कानाला लागलं पाहिजे. भाषा त्यावर अवलंबून आहे.

नवी_आई_गारगोटी
टाचेतून घेतलं होतं! फाईल बघते.

राजारामपुरीकर
मंडळी, अपडेट. जुनी फाईल मिळाली, पण पहिल्या वेळी टॉर्च केलंच नव्हतं. ॲव्हिडिटीचा रिपोर्ट आज आला, ७२ टक्के, खाली 'हाय' लिहिलंय. डॉक्टरांनीही बघितला, म्हणाल्या जुना संसर्ग आहे, आयजीएम पुन्हा पुन्हा करत बसू नका. बायको जेवली. आत्याबाई म्हणतात त्यांनी नवस बोलला होता.

शाहूपुरीचा_शंभू
नाद खुळा आत्याबाई! आधी निकाल, मग नवस.

राजारामपुरीकर
एक राहिलंच. थोरला बालवाडीत जातो, सारखी सर्दी. दुसऱ्या वाणाचा सीएमव्ही बाहेरून येतो म्हणालात, तो कसा?

काचपट्टी
त्याच्याकडूनच. एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या लाळेत आणि लघवीत हा विषाणू महिनोन्महिने असतो, त्यांना काहीही होत नसतं. त्याच्या ताटातलं उरलेलं खायचं नाही, त्याच्या चमच्यानं चव बघायची नाही, ओठांवर पापी घ्यायची नाही, कपाळावर घ्या. चड्डी बदलली, नाक पुसलं की साबणानं हात. मुलाचं उष्टं वाया जाऊ नये म्हणून आईनं संपवायचं ही आपली रीत आहे, ती बाळंतपण होईपर्यंत तुम्ही पाळा.

राजारामपुरीकर
म्हणजे गिचका झालेला वरणभात आता माझ्या वाट्याला. चालेल. पीसीआरचं बाळाच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवतो. डॉक्टर पन्हाळा, तुमच्या यादीत बसत नसलं तरी आम्ही करणार आहोत, राग मानू नका.

बालरोग_पन्हाळा
राग कसला. फक्त पॉझिटिव्ह आलं आणि बाळ ठणठणीत असेल, तर पुढची पाच-सहा वर्षं कान तपासत राहायची तयारी ठेवा. अर्ध्यावर सोडणार असाल तर करू नका.

मांजरवेडी
चिंगीला परत आणू का मग?